फोटोतून वाचलेल्या विक्री बिलांच्या क्रमांकांत दर महिन्याला दिसणारा खंड : खरा कोणता आणि वाचनातला कोणता

कोल्हापूरच्या शाहूपुरीतील आमच्या करसल्लागार कार्यालयात दर महिन्याच्या ५ ते १० तारखेदरम्यान एकच अडचण पुन्हा पुन्हा उभी राहते. उद्यमनगर, लक्ष्मीपुरी आणि शिरोलीकडचे अनेक लहान व्यावसायिक अजूनही छापील बिलबुकात हाताने बिले करतात आणि महिना संपला की स्थळप्रतींचे फोटो मोबाईलवरून पाठवतात. त्या फोटोंतील क्रमांक, तारीख आणि रक्कम संगणकाकडून वाचून घेऊन यादी तयार होते, क्रमाने लावली जाते आणि मधले क्रमांक गळलेले दिसतात. मग ग्राहकाला फोन जातो, तो बिलबुक चाळतो, मागितलेली सगळी बिले त्याच्याकडे असतात आणि आपण ती आधीच पाठवली आहेत असे तो सांगतो. हे दोन-तीन महिने झाले की तो आमच्या यादीकडे दुर्लक्ष करू लागतो, आणि ज्या महिन्यात खरोखर एखादे बिल राहिलेले असते त्या महिन्यात ते तसेच राहून जाते.

जीएसटी नियमांतील नियम ४६ नुसार विक्री बिलाचा क्रमांक सलग असावा लागतो, सोळा अक्षरांपेक्षा लांब नसावा आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा वापरलेला नसावा. जीएसटीआर-१ मधील तक्ता १३ मध्ये त्या कालावधीतील पहिला क्रमांक, शेवटचा क्रमांक, एकूण संख्या, रद्द बिले आणि निव्वळ बिले अशी नोंद करावी लागते. म्हणजे आपल्या यादीतील खंड हा केवळ आपल्या सोयीचा प्रश्न राहत नाही. तो पत्रकात उतरतो, आणि राहिलेले बिल नोंदणीकृत खरेदीदाराचे असेल तर त्याच्या जीएसटीआर-२बी या पत्रकात ते दिसत नसल्याने त्याचे इनपुट टॅक्स क्रेडिट अडकते.

यावर आम्ही जी पद्धत बसवली ती उद्यमनगरातील एका यंत्रकाम करणाऱ्या ग्राहकाच्या ऑगस्ट २०२५ च्या बिलांवरून सांगतो, कारण त्या एका महिन्यात जवळजवळ सगळ्या प्रकारच्या चुका एकत्र आल्या होत्या. बिलांवरचे क्रमांक इंग्रजी आकड्यांत छापलेले असल्याने ते येथे तसेच दिले आहेत, कारण कोणता आकडा कोणत्या आकड्यासारखा दिसला यावरच पुढचे बरेचसे अवलंबून आहे.

जुलैचे शेवटचे बिल 0386 होते. ऑगस्टचे ९० फोटो आले. त्यांतील सर्वांत मोठा पटण्यासारखा क्रमांक 0478 होता, म्हणजे 0387 ते 0478 असे ९२ क्रमांक अपेक्षित होते. फोटो दोनने कमी, म्हणून दोन बिले राहिली असा पहिला समज होतो. तो चुकीचा आहे, आणि का चुकीचा आहे हे पाहण्यासाठी खंडांची यादी नीट काढावी लागते.

बहुतेक जण क्रमांक चढत्या क्रमाने लावून खालच्यातून वरचा वजा करतात आणि फरक एकपेक्षा जास्त आला की खंड आहे असे धरतात. या रीतीत दुबार आलेले क्रमांक नजरेतून सुटतात. त्यापेक्षा अपेक्षित क्रमांकांचा स्वतंत्र स्तंभ करून प्रत्येक क्रमांक वाचलेल्या यादीत किती वेळा येतो ते मोजावे. आमच्या तक्त्यात B स्तंभात वाचलेला पूर्ण क्रमांक, C मध्ये तारीख आणि D मध्ये रक्कम असते. E मध्ये शेवटचे चार आकडे संख्या म्हणून काढून घेतो:

```
=VALUE(RIGHT(TRIM(B2),4))
```

G स्तंभात 387 पासून 478 पर्यंतचे अपेक्षित क्रमांक लिहितो आणि H मध्ये मोजणी करतो:

```
=COUNTIF(E:E,G2)
```

H मध्ये शून्य आले तर तो क्रमांक सापडलेला नाही, दोन आले तर तो दोनदा आला आहे. E मध्ये #VALUE! दिसले तर वाचनात शून्याच्या जागी ओ हे अक्षर किंवा एकाच्या जागी एल आलेले असते. ते फोटो पाहून तिथेच दुरुस्त करावे. B स्तंभ मजकूर डकवण्याआधीच टेक्स्ट या प्रकारात ठेवणे आवश्यक आहे. ज्यांच्या बिलाचा क्रमांक 8/25 अशा धाटणीचा असतो त्यांची बिले एक्सेल परस्पर तारखेत बदलून टाकते, आणि मग संपूर्ण मालिकाच हरवल्यासारखी वाटते.

या ग्राहकाच्या यादीत सहा क्रमांकांसमोर शून्य आले: 0399, 0417, 0423, 0438, 0457 आणि 0469. तीन क्रमांक दोनदा आले होते: 0411, 0433 आणि 0460. एक क्रमांक मर्यादेच्या पूर्ण बाहेरचा होता: 0969. येथे ग्राहकाला फोन करण्याआधी एक ताळा करून घ्यावा. अपेक्षित ९२, त्यांतून सहा वजा, त्यात जादा आलेले चार मिळवले की ९० येतात, आणि फोटोही ९०च आहेत. हा ताळा जुळला नाही तर एखादा फोटो वाचलाच गेलेला नाही किंवा एका फोटोत दोन बिले आहेत असे समजावे आणि पुढे जाण्यापूर्वी ते शोधावे.

ताळा जुळला की खरे काम सुरू होते. चुकीने वाचलेले बिल यादीत बहुधा दोन खुणा ठेवते: जिथून गेले तिथे एक रिकामी जागा आणि जिथे पडले तिथे एक जादा नोंद. म्हणून खंड आणि जादा नोंदी या दोन याद्या वेगवेगळ्या पाहू नयेत, त्यांच्या जोड्या लावाव्यात. 0417 नाही आणि 0411 दोनदा आहे. 0438 नाही आणि 0433 दोनदा आहे. 0469 नाही आणि 0969 कुठून तरी आला आहे. तिन्ही जोड्यांत फरक फक्त एका आकड्याचा आहे, आणि तोही दिसण्यात जवळच्या आकड्यांचा: सात आणि एक, आठ आणि तीन, चार आणि नऊ. फोटो उघडून पाहिले तेव्हा तिन्ही ठिकाणी वाचनच चुकलेले होते.

या चुका याच आकड्यांत का होतात हे बिलबुक हातात घेतल्यावर समजते. क्रमांक ठोकण्याचे यंत्र वरच्या पांढऱ्या पानावर दाबले जाते आणि खालच्या दोन प्रतींवर तो आकडा केवळ दाबाने, कार्बनविरहित कागदामुळे, निळसर उमटतो. ग्राहक स्वतःजवळ तिसरी प्रत ठेवतो आणि फोटोही तिचाच पाठवतो. त्या प्रतीवर सात या आकड्याची वरची आडवी रेघ सर्वांत आधी पुसट होते आणि आठची डावी बाजू उघडी पडते. मी भिंग घेऊन या बुकातील 0417 पाहिला तेव्हा सातच्या आडव्या रेघेचा केवळ उजवीकडचा टोकाचा ठिपका शिल्लक होता. माणसालाही तो एक वाटावा इतका तो अस्पष्ट होता. एका बुकात एक आकडा असा फसवा निघाला की त्या बुकातील तसे सगळे क्रमांक डोळ्यांनी पाहून घ्यावेत असे माझे मत आहे, कारण यंत्रातील ते एक चाक झिजलेले असेल तर तो दोष त्या बुकापुरता टिकून राहतो.

मर्यादेबाहेरच्या क्रमांकांचे आणखी एक कारण येथे सांगून ठेवतो. बिलाच्या डोक्यावर चलन क्रमांक आणि खरेदीदाराचा ऑर्डर क्रमांकही असतो, आणि बिल क्रमांक फिका असला की वाचणारी प्रणाली शेजारचा ठळक क्रमांक उचलते. असा क्रमांक एका आकड्याच्या फरकाने कुठल्याच खंडाशी जुळत नाही, म्हणून तो फोटो उघडल्याशिवाय सुटत नाही.

तीन जोड्या मिटल्यावर 0399, 0423 आणि 0457 हे तीन खंड आणि 0460 ही एक जादा नोंद उरली. 0460 चे दोन्ही फोटो उघडले. तारीख, खरेदीदार आणि रक्कम एकच होती, म्हणजे एकाच पानाचा फोटो दोनदा काढला गेला होता. येथे घाई करू नये. एकाच क्रमांकाच्या दोन फोटोंत रक्कम वेगळी निघाली तर ती गोष्ट वाचनाची नव्हे, एकच क्रमांक दोन बिलांना पडल्याची असू शकते, आणि छापखान्यात यंत्राचे चाक अडकल्याने तसे घडल्याचे मी स्वतः पाहिले आहे.

आता ग्राहकाला तीनच क्रमांक विचारायचे राहिले. 0399 चे उत्तर लगेच मिळाले: दर चुकल्याने ते बिल रद्द करून दुसरे केले होते, तिन्ही प्रती बुकातच होत्या, आणि आडव्या रेघा मारलेल्या पानाचा फोटो कशाला काढायचा म्हणून तो काढला नव्हता. 0423 चे पान कोरे निघाले. बिल लिहिताना दोन पाने एकदम उलटली गेली होती. कोऱ्या पानाच्या बाबतीत आम्ही ग्राहकाला आग्रहाने सांगतो की ते त्याच दिवशी तिन्ही प्रतींवर रेघ मारून, "रद्द" असे लिहून बुकातच ठेवावे. ते मोकळे राहिले तर पुढे कधीतरी त्यावर बिल लिहिले जाते, आणि मग तारखांचा क्रम असा बिघडतो की त्याचे समाधानकारक स्पष्टीकरण देता येत नाही.

0457 च्या बाबतीत मात्र ग्राहक म्हणाले, "अहो, ते तर पाठवलंय की, बघा परत एकदा," आणि त्यांनी त्या पानाचा फोटो पुन्हा पाठवलाही. आमच्या कार्यालयातील मुलाने तो फोटो यादीत भरला, H स्तंभात शून्याच्या जागी एक आला आणि ऑगस्टची मालिका पूर्ण झाल्यासारखी दिसू लागली. माझे या लेखातील मुख्य म्हणणे येथेच आहे. ग्राहक जेव्हा बिल आधीच पाठवल्याचे सांगतो तेव्हा नवा फोटो भरून मोकळे होऊ नये. जुना फोटो कोणत्या क्रमांकाखाली नोंदला गेला आहे ते शोधावे. तो फोटो आलेला होता, यादीत होता, पण स्वतःच्या नावाने नव्हता, तर दुसऱ्या कोणाच्या तरी जागेवर बसला होता. आणि ज्या जागेवर तो बसला ती जागा दुबार दिसत नसेल, तर तिचे खरे बिल आलेलेच नाही.

आम्ही यादी क्रमांकानुसार लावली आणि तारखांचा स्तंभ तपासला. बिलबुक एकच असेल तर क्रमांक वाढत जाताना तारीख मागे जाऊ शकत नाही, म्हणून पुढील सूत्र खालपर्यंत ओढले:

```
=IF(C3<C2,"पहा","")
```

0452 समोर "पहा" आले. 0450 ची तारीख २० ऑगस्ट होती, 0451 ची २२ ऑगस्ट आणि 0452 ची पुन्हा २० ऑगस्ट. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, की सूत्र चुकीच्या ओळीवर बोट ठेवत नाही, तिच्या पुढच्या ओळीवर ठेवते. 0451 चा फोटो उघडला तर तो 0457 चाच होता. त्यातही सातची आडवी रेघ गेली होती. दोन्ही फोटोंतील रक्कम, खरेदीदार आणि वाहन क्रमांकही एकच निघाले. म्हणजे 0451 चा फोटो आम्हाला मुळात मिळालेलाच नव्हता, आणि त्या जागेवर 0457 बसल्याने खंड 0451 ला न दिसता 0457 ला दिसत होता. ग्राहकाने बुक उघडून 0451 पाहिले: शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका नोंदणीकृत खरेदीदाराचे बिल, करपूर्व ३२,५०० रुपये, १८ टक्क्यांनी कर ५,८५० रुपये, एकूण ३८,३५० रुपये. पुन्हा आलेला फोटो तसाच स्वीकारला असता तर 0457 ची विक्री दोनदा धरली गेली असती आणि 0451 ची एकदाही नाही, आणि मालिका मात्र निर्दोष दिसली असती.

तारखांच्या या तपासणीला मर्यादा आहेत. दोन्ही बिले एकाच दिवशीची असतील तर तारीख मागे जात नाही आणि सूत्र गप्प राहते. अशा वेळी रकमेच्या स्तंभात दुबार शोध घ्यावा आणि जुळलेल्या नोंदींचे खरेदीदार फोटोत पाहावेत, कारण एकच बिल दोन क्रमांकांखाली बसले असेल तर ते तिथे उघडे पडते. अर्थात हा शोध पुन्हा मागवलेला फोटो यादीत भरल्यानंतरच लागतो. दुसरी अडचण आमच्या भागात विशेष येते: बिल क्रमांक इंग्रजीत छापलेला असतो, पण तारीख हाताने मराठी आकड्यांत लिहिलेली असते, आणि इंग्रजी आकडे अपेक्षित धरणारी प्रणाली मराठी १ ला नऊ आणि मराठी ४ ला आठ समजते. अशा ग्राहकांच्या तारखा आम्ही वाचून घेत नाही, फोटो पाहून हाताने भरतो. नव्वद तारखा भरायला फार वेळ लागत नाही, आणि तारीख विश्वासार्ह नसेल तर वरील सूत्राला काही अर्थ उरत नाही.

मधले सगळे खंड मिटल्यावरही मालिका पूर्ण झाली असे म्हणता येत नाही, कारण ही मोजणी दोन टोकांच्या आतच चालते. शेवटचा क्रमांक 0478 हा आम्ही फोटोंवरूनच ठरवला होता. त्यानंतरची बिले आलीच नसतील तर H स्तंभाला ते कळण्याचा मार्ग नाही. सुरुवातीचे टोक जुलैच्या 0386 ने बांधलेले होते, शेवटचे टोक मात्र मोकळे होते. म्हणून आम्ही सप्टेंबरच्या पहिल्या बिलाचा क्रमांक विचारला आणि तो 0481 निघाला. त्या वर्षी २७ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. दुकानातील मुलाने गणपतीच्या गडबडीत ३० तारखेला दुपारीच फोटो काढून पाठवले होते आणि त्याच संध्याकाळी 0479 व 0480 ही दोन बिले झाली होती. मधल्या खंडांवर कितीही बारकाईने काम केले असते तरी ही दोन बिले सापडली नसती.

अखेर तक्ता १३ मध्ये 0387 ते 0480, एकूण ९४, रद्द २, निव्वळ ९२ अशी नोंद झाली. पहिल्या समजाप्रमाणे दोन बिले राहिलेली होती. प्रत्यक्षात फोटो नसलेली पाने पाच निघाली, त्यांतील दोन रद्द होती आणि तीन खऱ्या विक्रीची. पत्रक भरण्याआधी हे सापडल्याने काम सोपे झाले. भरल्यानंतर पण जीएसटीआर-३बी भरण्यापूर्वी असे बिल सापडले तर त्याच महिन्यासाठी जीएसटीआर-१ए मधून ते घेता येते.

एकापेक्षा जास्त बिलबुके एकाच वेळी चालू असतील तर ही सगळी तपासणी प्रत्येक बुकासाठी वेगळी करावी. मालकाच्या टेबलावर 0401 ते 0500 चे बुक आणि माल पोहोचवणाऱ्याच्या गाडीत 0501 ते 0600 चे बुक असेल, तर एकत्र यादीत मधला मोठा पट्टा गळल्यासारखा दिसतो आणि तारखाही मागेपुढे होतात. नियमाने एकाहून अधिक मालिका चालतात. मात्र प्रत्येक मालिकेला वेगळे उपसर्गाक्षर छापून घेतले तर यादी आपोआप वेगळी होते आणि तक्ता १३ मध्येही त्या स्वतंत्र ओळींत दाखवता येतात. क्रेडिट नोटा आणि डिलिव्हरी चलने यांचे क्रमांकही वेगळे असतात, त्यांचे फोटो विक्री बिलांत मिसळू देऊ नयेत.

या तपासणीतून जे बिल बुकात लिहिलेच गेले नाही ते सापडणार नाही, आणि त्याच क्रमांकांचे दुसरे बुक कोणी छापून घेतले असेल तर तेही नाही. पान फाडलेले आहे की फक्त फोटो राहिला आहे हेही यादीवरून ठरत नाही. त्यासाठी बुक प्रत्यक्ष पाहावे लागते, आणि खंड उरलाच तर आम्ही एका पानाचा फोटो न मागता त्या पानासह आधीच्या आणि नंतरच्या पानांचा शिवणीकडून घेतलेला फोटो मागतो, म्हणजे फाडलेल्या पानाची खोडे दिसतात.

उद्यमनगरच्या त्या ग्राहकाकडून आता दर महिन्याला नेहमीच्या फोटोंबरोबर तीन प्रकारचे जादा फोटो येतात: रद्द पानांचे, बुकाच्या मुखपृष्ठावरील "पासून-पर्यंत" क्रमांकांचा आणि पुढील महिन्याच्या पहिल्या बिलाचा. सप्टेंबरची यादी करताना G2 मध्ये 481 हा आकडा आम्ही फोटो येण्याआधीच लिहून ठेवला होता.